फ्रेझल व्हर्बच्या जोड्या लावताना: आधी शेपूट वाचा, मग क्रियापद

एका विद्यार्थिनीने 'जोड्या लावा'च्या प्रश्नात 'पुट अप विथ'समोर 'उचलून वर ठेवणे' या अर्थाचं अक्षर लिहिलं होतं. 'लुक आफ्टर'समोर 'मागे वळून पाहणे'. तिला यातला एकही शब्द अनोळखी नव्हता. पुट ठाऊक, अप ठाऊक, विथ ठाऊक. तिने तिन्हींचे अर्थ ओळीने जोडले आणि जे निघालं ते लिहिलं. अशी चूक आळशी मुलं करत नाहीत. मन लावून विचार करणारी मुलंच करतात, म्हणून ती मला जास्त लागते.

फ्रेझल व्हर्बच्या जोड्या पाठांतरावर सुटतात असं बहुतेकांना वाटतं. थोड्या सुटतातही. पण पाठ न केलेली जोडी समोर आली, तरी कागदावर तीन खुणा असतात: क्रियापदाला कर्म आहे का, असेल तर ते कुठे बसलंय, आणि शेवटचा छोटा शब्द, म्हणजे पार्टिकल, कोणता आहे. मूळ क्रियापदाकडे शेवटी पाहायचं. हा क्रम उलटा वाटतो, पण या प्रश्नात तोच कामाला येतो.

छोटा शब्द इतकं काय करतो?

आपल्याला हे नवीन नाही. 'हार' या एकाच मुळाच्या आधी उपसर्ग लागला की प्रहार होतो, आहार होतो, विहार होतो, संहार होतो. आहार आणि संहार यांत काय साम्य आहे असं कुणी आपल्याला विचारत नाही. उपसर्गाने धातूचा अर्थ ओढून दुसरीकडे नेला, हे आपण मान्य करून टाकलंय. इंग्रजीत तो तुकडा क्रियापदाच्या नंतर लागतो आणि सुटा लिहिला जातो, एवढाच फरक. वेदांतल्या संस्कृतात तर उपसर्गही क्रियापदापासून सुटा, मध्ये दुसरा शब्द घेऊन येत असे. तेव्हा 'टर्न इट डाउन'मध्ये 'इट' मध्येच घुसलेलं पाहून दचकायचं कारण नाही.

याहून जवळचा धागा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. आपण नुसतं 'खा' म्हणत नाही, 'खाऊन टाक' म्हणतो. नुसतं 'लिही' नाही, 'लिहून ठेव'. 'शोधून काढ', 'करत राहा'. यातल्या 'टाक'चा फेकण्याशी संबंध उरलेला नाही. काम पूर्ण कर, मागे काही ठेवू नकोस, एवढंच तो सांगतो. इंग्रजी पार्टिकल बऱ्याचदा नेमकं हेच काम करतो, आणि काही जोड्या तर चपखल बसतात.

'अप' हा पुष्कळदा आपला 'टाक' असतो. ईट अप म्हणजे खाऊन टाक, यूज अप म्हणजे संपवून टाक. 'डाउन' कधीकधी 'ठेव' असतो: राइट डाउन, नोट डाउन, म्हणजे लिहून ठेव. 'आउट' हा 'काढ' असतो: फाइंड आउट म्हणजे शोधून काढ, वर्क आउट म्हणजे विचार करून उत्तर काढ. 'ऑन' हा 'राहा' असतो: कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन, म्हणजे करत राहा.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'डाउन'चा दुसरा अर्थ कमी होणं किंवा कोसळणं आहे: स्लो डाउन, ब्रेक डाउन. 'आउट' म्हणजे विझणं, संपणंही: गो आउट म्हणजे दिवा जाणं, रन आउट म्हणजे साठा संपणं. 'ऑफ' म्हणजे सुटणं, तुटणं, दूर जाणं: स्विच ऑफ, टेक ऑफ, कॉल ऑफ. आणि 'अप'ला 'टाक'खेरीज 'समोर येणे' आणि 'वाढणे' असेही अर्थ आहेत. एकेका पार्टिकलच्या दोन-तीन छटा ओळखीच्या असल्या तर जोड्यांच्या प्रश्नात पुरतं, कारण अर्थ समोर छापलेलेच असतात. तुम्हाला अर्थ सुचवायचा नसतो, फक्त निवडायचा असतो.

एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू

'अ' गटात आठ फ्रेझल व्हर्ब आहेत आणि 'ब' गटात नऊ अर्थ, म्हणजे एक अर्थ मुद्दाम जास्तीचा.

'अ' गट:
१) पुट ऑफ
२) पुट आउट
३) पुट अप विथ
४) टर्न डाउन
५) टर्न अप
६) लुक आफ्टर
७) रन आउट ऑफ
८) कॉल ऑफ

'ब' गट:
क) टु अराइव्ह, ऑफन व्हेन नोबडी एक्स्पेक्ट्स यू
ख) टु कॅन्सल समथिंग
ग) टु स्टॉप समथिंग बर्निंग
घ) टु हॅव नथिंग लेफ्ट ऑफ समथिंग
च) टु मूव्ह समथिंग टु अ लेटर टाइम
छ) टु स्टॉप वर्किंग, लाइक अ मशीन
ज) टु टेक केअर ऑफ समवन
झ) टु ॲक्सेप्ट समथिंग अनप्लेझंट विदाउट कम्प्लेनिंग
ट) टु रिफ्यूज समथिंग

पहिली पायरी 'ब' गटापासून. 'अ' गटाला अजून हातही लावायचा नाही. अर्थांमध्ये जिथे जिथे 'समथिंग' किंवा 'समवन' आहे तिथे पेन्सिलीने गोल करा. अर्थ लिहिणारा हे शब्द उगाच टाकत नाही. त्या फ्रेझल व्हर्बला कर्म लागतं, असं तो त्यातून सांगत असतो. गोल करून झाल्यावर दोन अर्थ मोकळे राहतात: क आणि छ. म्हणजे या दोन अर्थांची क्रियापदं अकर्मक आहेत. नऊची गर्दी आता सात आणि दोन अशी विभागली गेली.

दुसरी पायरी, तीन शब्दांची फ्रेझल व्हर्ब आधी उचला: पुट अप विथ आणि रन आउट ऑफ. यांच्या शेवटी विथ, ऑफ असं शब्दयोगी अव्यय असतं आणि त्याच्यापुढे कर्म यावंच लागतं. त्यामुळे क आणि छ यांच्यासाठी बाद. रन आउट ऑफमध्ये 'आउट' म्हणजे साठा संपणं, आणि घमध्ये 'नथिंग लेफ्ट' आहेच. सात नंबरची जोडी घ.

पुट अप विथ थोडं अवघड आहे, कारण इथे 'अप'ची कुठलीच छटा मदतीला येत नाही. ज्याचा अर्थ तुकड्यांतून निघत नाही असं हे एक फ्रेझल व्हर्ब आहे, आणि अशांना शेवटपर्यंत बाजूला ठेवणंच शहाणपणाचं. इतर जोड्या लागत गेल्या की त्याच्यासमोर झ आपोआप उरतं: न आवडणारी गोष्ट तक्रार न करता सोसणे. आपण म्हणतो तसं 'चालवून घेणे'. तोवर तीन नंबर रिकामा सोडून पुढे चला. मुलांना रिकामी जागा सोडवत नाही. घाईने तिथे काहीतरी लिहिलं जातं आणि त्या एका चुकीमुळे दुसरी बरोबर येणारी जोडीही हातची जाते. 'जोड्या लावा'त एक चूक सहसा एकटी नसते.

तिसरी पायरी, पार्टिकलवरून. पुट आउटमधलं 'आउट' म्हणजे विझणं. गमध्ये जळणं थांबवणं आहे. जोडी लागली. टर्न डाउनमध्ये 'डाउन' म्हणजे खाली, कमी. कर्म असलेल्या उरलेल्या अर्थांत 'नाकारणे' हाच त्याला जवळचा: आलेला प्रस्ताव खाली परतवून लावला. चारची जोडी ट. लुक आफ्टरसाठी माणूस कर्म असलेला अर्थ पाहा. 'समवन' लिहिलेला अर्थ एकच आहे, ज. मघाच्या विद्यार्थिनीने हे 'समवन' पाहिलं असतं तर 'मागे वळून पाहणे' तिच्या मनातच आलं नसतं.

आता टर्न अप. क की छ? इथे एक सापळा आहे. टर्न डाउन म्हणजे नाकारणे, तर टर्न अप म्हणजे स्वीकारणे, असं वाटणं स्वाभाविक आहे. आवाज लहान-मोठा करण्याच्या अर्थाने ती दोन खरोखरच एकमेकांविरुद्ध आहेत. पण या प्रश्नातल्या अर्थांत त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. अप आणि डाउन, ऑन आणि ऑफ ही विरुद्धार्थी जोडी आहे म्हणून त्यांची फ्रेझल व्हर्बही विरुद्धार्थी असतील असं कधीही धरून चालू नका. टर्न अपमधलं 'अप' हे 'समोर येणे' या छटेचं आहे. शो अपमध्येही तेच आहे. जोडी क. यंत्र बंद पडण्याचा अर्थ, छ, हा ब्रेक डाउनचा, आणि ब्रेक डाउन या प्रश्नात नाहीच. जास्तीचा अर्थ तो.

उरले पुट ऑफ आणि कॉल ऑफ, समोर ख आणि च. दोन्हींना कर्म आहे, दोन्हींत 'ऑफ' आहे, दोन्हींत ठरलेला कार्यक्रम ठरल्या वेळी होत नाही. पार्टिकल आणि कर्म या दोन्ही खुणा इथे संपल्या. आता, आणि आताच, क्रियापदाकडे पाहायचं. पुट म्हणजे ठेवणे: कार्यक्रम उचलून पुढच्या तारखेवर ठेवला. कॉल म्हणजे पुकारणे: 'होणार नाही' असं जाहीर केलं. खात्री करायची तर वाक्याला 'टिल फ्रायडे' जोडून पाहा. 'वी पुट ऑफ द मीटिंग टिल फ्रायडे' सरळ बसतं. रद्द केलेल्या बैठकीला 'शुक्रवारपर्यंत' लावता येत नाही. म्हणून पुट ऑफ च, कॉल ऑफ ख.

पूर्ण उत्तर असं: १-च, २-ग, ३-झ, ४-ट, ५-क, ६-ज, ७-घ, ८-ख.

रन आउट ऑफबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती जोड्यांत फार फसवते. 'ऑफ' काढून टाकला तर कर्ता बदलतो. 'वी हॅव रन आउट ऑफ पेपर' म्हणजे आमच्याकडचा कागद संपला, कर्ता माणसं. 'द पेपर हॅज रन आउट' म्हणजे कागद संपला. कर्ता कागद, आणि कर्म नाही. एका गटात वाक्यांचे सुरुवातीचे तुकडे आणि दुसऱ्यात शेवटचे तुकडे असले, तर 'वी हॅव' याच्यापुढे नुसतं 'रन आउट' लावण्याआधी काय संपलं ते वाक्यात आधी सांगितलंय का, हे पाहा.

कर्म मध्ये घुसतं तेव्हा

वाक्यांच्या जोड्या लावायच्या असतील तर तिसरी खूण हाताशी येते: कर्माची जागा. माझ्या मते ही सगळ्यांत विश्वासाची खूण आहे, कारण तिला शब्दसंग्रह लागतच नाही.

काही फ्रेझल व्हर्ब कर्माला मध्ये घेतात. 'शी टर्न्ड डाउन द ऑफर' चालतं आणि 'शी टर्न्ड द ऑफर डाउन'ही चालतं. पण कर्म सर्वनाम असलं, म्हणजे इट, हिम, हर, देम यांपैकी असलं, तर निवड उरत नाही. ते मध्येच बसतं: 'शी टर्न्ड इट डाउन'. 'टर्न्ड डाउन इट' चूक. इतर फ्रेझल व्हर्ब कर्माला कधीच मध्ये घेत नाहीत. 'शी लुक्ड आफ्टर हिम' बरोबर, 'लुक्ड हिम आफ्टर' चूक. तीन शब्दांची बहुतेक याच प्रकारात मोडतात: 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑफ इट'.

म्हणून पडताळणीची कृती सोपी आहे. वाक्यातलं कर्म कितीही मोठं असो, ते खोडून तिथे 'इट' किंवा 'हिम' ठेवा आणि वाक्य मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणण्याला कारण आहे: मध्ये कर्म घेणाऱ्या प्रकारात आघात पार्टिकलवर पडतो. 'टर्न इट डाउन' म्हणताना जोर 'डाउन'वर येतो. 'लुक ॲट इट' म्हणताना जोर 'लुक'वर असतो आणि 'ॲट' ओझरता जातो. इंग्रजी थोडंफार कानावर असेल तर कान आपणहून सांगतो.

सर्वनाम का मध्ये जातं आणि लांबलचक कर्म का जात नाही, याचा कलही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाक्याच्या शेवटी नवी, वजनदार माहिती ठेवायची इंग्रजीची सवय आहे. 'इट' म्हणजे आधीच बोलून झालेली गोष्ट, हलकी, म्हणून ती मध्ये सरकते. उलट 'वी पुट ऑफ द मीटिंग दॅट वी हॅड प्लॅन्ड फॉर मंडे' यातलं कर्म इतकं लांब आहे की ते मध्ये कोंबलं तर शेवटचा 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा 'पुट' विसरून जाईल. असंच आणखी एक: कर्माच्या जागी 'गोइंग', 'कॉलिंग' असं 'इंग'कारान्त रूप आलं, तर ते पार्टिकलच्या नंतरच येतं. 'ही पुट ऑफ कॉलिंग हर' बरोबर, 'ही पुट कॉलिंग हर ऑफ' चूक.

काही मोजकी फ्रेझल व्हर्ब मात्र कर्माला मध्येच घेतात, दुसरी जागाच देत नाहीत. 'आय कान्ट टेल द ट्विन्स अपार्ट', म्हणजे जुळ्यांतला कोण कोणता ते मला ओळखता येत नाही. 'टेल अपार्ट द ट्विन्स' असं कुणी म्हणत नाही. अशी फार नाहीत, भेटतील तेव्हा वेगळी टिपून ठेवा.

तेच दोन शब्द, जागा बदलली की अर्थ बदलला

परीक्षक हुशार असेल तर तो एकच फ्रेझल व्हर्ब दोन वाक्यांत देतो आणि समोर दोन अर्थ ठेवतो. इथे पार्टिकलही तोच, क्रियापदही तेच. कामाला येते ती फक्त कर्माची जागा. ही तीन उदाहरणं सावकाश वाचा.

'शी टर्न्ड इट ऑन' म्हणजे तिने दिवा, पंखा किंवा यंत्र चालू केलं. 'इट टर्न्ड ऑन हर' म्हणजे ते तिच्यावर उलटलं, तिच्यावर धावून गेलं; कुत्रा असेल तर अंगावर आला. पहिल्यात सर्वनाम मध्ये आहे, दुसऱ्यात शेवटी. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' आणि 'ही टर्न्ड ऑन द लॅम्प' ही वाक्यं नुसती शेजारी ठेवली तर त्यांची ठेवण सारखीच दिसते. दोन्हींत 'ऑन'नंतर कर्म. पण 'इट' घालून पाहिलं की लॅम्प मध्ये उडी मारतो, 'ही टर्न्ड इट ऑन', आणि 'हिम' जागचा हलत नाही. पडताळणी अशी वाक्यं वेगळी करते, म्हणूनच ती कृती म्हणून करायची, नुसती माहीत असून भागत नाही.

दुसरं, 'सी थ्रू'. 'शी सॉ थ्रू हिम' म्हणजे त्याचं सोंग तिच्या लक्षात आलं. 'शी सॉ इट थ्रू' म्हणजे हाती घेतलेलं काम तिने शेवटपर्यंत नेलं, तडीस नेलं. पहिल्यात 'थ्रू' माणसाच्या आरपार जातं, म्हणून माणूस 'थ्रू'च्या पुढे. दुसऱ्यात काम आरपार जातं, म्हणून काम आधी आणि 'थ्रू' मागून. कर्माची जागा इथे चित्रच काढून दाखवते.

तिसरं, 'गेट ओव्हर'. 'शी गॉट ओव्हर इट' म्हणजे आजार किंवा दुःख यांतून ती सावरली. 'शी गॉट इट ओव्हर विथ' म्हणजे नको वाटणारं काम तिने एकदाचं उरकून टाकलं. दुसऱ्यात 'इट' मध्ये आलं, आणि शेवटी एक 'विथ'ही लटकला. जोड्यांत 'रिकव्हर' आणि 'फिनिश समथिंग अनप्लेझंट' असे दोन अर्थ असतील तर गोंधळायला जागा नाही.

असाच फसवा प्रकार साध्या वाक्यांचाही असतो. 'ही टर्न्ड ऑफ द लाइट' हे फ्रेझल व्हर्ब आहे, पण 'ही टर्न्ड ऑफ द रोड' यात 'ऑफ' पार्टिकल नाही. तो रस्ता सोडून वळला, एवढंच. 'ऑफ' हा 'द रोड'चा शब्द आहे. सर्वनाम घाला: 'टर्न्ड इट ऑफ' हे दिव्याला चालतं, रस्त्याला 'टर्न्ड ऑफ इट'च लागतं.

कर्म कोण आहे, माणूस की वस्तू, हेही अर्थ बदलू शकतं. 'पुट समथिंग ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. पण 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासाने माझं मन उडालं. म्हणून पहिल्या पायरीत 'समथिंग' आणि 'समवन' यांना एकाच रंगाचा गोल करू नका. दोन खुणा वेगळ्या ठेवा.

कर्मणी प्रयोग आला तर

'द मीटिंग वॉज पुट ऑफ', 'द चिल्ड्रन वर वेल लुक्ड आफ्टर' अशी वाक्यं आली की कर्म उठून वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलेलं असतं. क्रियापद आणि पार्टिकल एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि 'हे तुटत नाही' असा गैरसमज होतो. अशा वाक्यातून तुटण्या-न-तुटण्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. आधी कच्च्या कागदावर ते कर्तरी करा, मग सर्वनाम घाला: 'दे पुट इट ऑफ', 'दे लुक्ड आफ्टर देम'. एका वाक्याला पाच-सात सेकंद जास्त लागतात, तेवढे द्या.

उलटीही चूक होते. 'ही टुक ऑफ' असं वाक्य पाहून काही जण कर्म राहिलंय असं समजतात आणि 'कपडे उतरवणे' हा अर्थ लावतात. टेक ऑफला कर्म असेल तर उतरवणे ('ही टुक इट ऑफ'), नसेल तर उड्डाण करणे, निघून जाणे, किंवा एखाद्या गोष्टीची एकदम भरभराट होणे. कर्म नसलेल्या या अर्थांमधून निवड करायला कर्त्याकडे पाहायचं. कर्ता विमान असेल तर उड्डाण, कर्ता नवा धंदा असेल तर भरभराट. 'हर बिझनेस टुक ऑफ'मध्ये विमान शोधू नका.

वहीत कसं लिहायचं

वहीत 'पुट ऑफ = पुढे ढकलणे' अशी यादी करणं मला अपुरं वाटतं, कारण त्यात कर्माची जागाच नोंदली जात नाही. कर्मासाठी एक कंस रिकामा ठेवून लिहा:

पुट ( ) ऑफ: पुढे ढकलणे
पुट (माणूस) ऑफ: मन उडवणे
लुक आफ्टर ( ): काळजी घेणे
टर्न अप: अचानक येऊन उभं राहणे
रन आउट ऑफ ( ): जवळचं संपणे

कंस मध्ये असेल तर सर्वनाम मध्ये. कंस शेवटी असेल तर शेवटी. कंसच नसेल तर कर्म नाही. वेगळा नियम पाठ करायची गरज उरत नाही. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले इंग्रजी शब्दकोशही हेच करतात: फ्रेझल व्हर्बच्या मध्ये किंवा शेवटी 'समथिंग', 'समबडी' यांची संक्षिप्त रूपं लिहितात, आणि काहींमध्ये कर्म दोन्ही जागी बसू शकतं हे दाखवायला ↔ असा दुतोंडी बाण असतो. शब्दकोशात अर्थ वाचण्याआधी हा बाण शोधा.

यादी क्रियापदावार करू नका, पार्टिकलवार करा. एका पानावर 'पुट'ची सगळी रूपं लिहिली तर पुट ऑफ, पुट ऑन, पुट आउट, पुट अप एकमेकांत मिसळतात, कारण त्यांत सारखं काय आहे तर फक्त 'पुट', ज्याचा अर्थाला फारसा उपयोग नाही. 'ऑफ'च्या पानावर पुट ऑफ, कॉल ऑफ, स्विच ऑफ, टेक ऑफ एकत्र आले की 'दूर होणे, तुटणे' ही छटा डोळ्यांसमोर राहते. न बसणारी, म्हणजे पुट अप विथसारखी, शेवटच्या पानावर वेगळी ठेवा. ती मात्र पाठच करावी लागतात, आणि वाक्यासकट केली तर टिकतात.

एक अपवाद सांगतो, कारण तो कधीतरी समोर येईल आणि सर्वनामाच्या पडताळणीवरचा विश्वास डळमळेल. 'रन ओव्हर' म्हणजे वाहनाखाली चिरडणं, तुडवणं. या अर्थी 'द कार रॅन हिम ओव्हर' आणि 'द कार रॅन ओव्हर हिम' ही दोन्ही रूपं वापरात आहेत, कारण 'ओव्हर' इथे पार्टिकलही होऊ शकतो आणि 'त्याच्यावरून' या साध्या अर्थाचा शब्दही. पण त्याच 'रन ओव्हर'चा दुसरा अर्थ आहे, टिपणांवरून झटकन नजर फिरवणे, आणि तिथे 'शी रॅन ओव्हर देम' असंच म्हणतात. प्रश्नात 'शी रॅन ओव्हर हर नोट्स' असं असेल तर समोरचा 'रिव्ह्यू क्विकली' हा अर्थ घ्या, आणि सर्वनाम मध्ये बसत नाही म्हणून चुकलो असं समजून उत्तर खोडू नका.